अंगाचे दिवस आणि आभाळाचे दिवस

एव्हरेस्ट बेस कॅम्पचं वेळापत्रक मुंबई-पुण्यात बहुधा रजेच्या अर्जापासून सुरू होतं. दहा दिवसांची रजा आणि तिला लागून येणारे तीन शनिवार-रविवार धरले की १६ दिवस हाती येतात, आणि त्या १६ दिवसांत सगळा ट्रेक बसवायचा असतो. तो बसतोही. पहिल्या दिवशी काठमांडू. दुसऱ्या दिवशी गाडीने रामेछापच्या मंथली गावी मुक्काम, कारण हंगामात लुकलाची बरीचशी विमानं आता काठमांडूऐवजी तिथून सुटतात. तिसऱ्या दिवशी विमानाने लुकला आणि तिथून चालत २,६१० मीटरवरचं फाकडिंग. चौथ्या दिवशी ३,४४० मीटरवर नामचे बाजार, पाचवा दिवस तिथेच. सहाव्या दिवशी ३,८६० मीटरवर तेंगबोचे, सातव्या दिवशी ४,४१० मीटरवर डिंगबोचे, आठवा दिवस पुन्हा तिथेच. नवव्या दिवशी ४,९४० मीटरवर लोबुचे, दहाव्या दिवशी ५,१६४ मीटरवर गोरकशेप आणि दुपारी बेस कॅम्पला जाऊन परत. अकराव्या दिवशी पहाटे काला पत्थर करून खाली फेरिचेला, बाराव्याला नामचे, तेराव्याला लुकला, चौदाव्याला विमान. पंधरावा दिवस मोकळा आणि सोळाव्याला घर.

या आखणीत तीन दिवस असे आहेत की ज्या दिवशी माणूस पुढच्या मुक्कामाला जात नाही: नामचेचा पाचवा, डिंगबोचेचा आठवा आणि शेवटचा पंधरावा. कागदावर ते सारखेच दिसतात. एक दिवस वाया गेला तर यांतला कुठलाही एक काढून तूट भरून निघेल, असा समज त्यातून तयार होतो, आणि उंचीवरच्या ट्रेकची निम्मी संकटं या समजातून येतात असं माझं मत आहे. पहिले दोन दिवस अंगाचे आहेत, तिसरा आभाळाचा. या दोन खात्यांमध्ये उसनवारी कधी चालते आणि कधी चालत नाही, हे घरून निघण्याआधी ठरलेलं नसेल तर मंथलीच्या विमानतळावर थकलेल्या, वैतागलेल्या मनःस्थितीत ते ठरतं, आणि बहुतेक वेळा चुकीचं ठरतं.

अंगाच्या खात्यात नेमकं काय जमा होतं, हे आधी पाहू. बेस कॅम्पच्या ५,३६४ मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर निम्माच ऑक्सिजन आत येतो. शरीराचा पहिला उपाय सरळ असतो: जास्त आणि खोल श्वास. पण जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कतेकडे झुकतं, आणि मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण लगाम खेचतं. म्हणजे अधिक हवेची गरज असूनही शरीर स्वतःला अडवत राहतं. रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग धापेसारखा परत सुरू होतो, तोही याच ओढाताणीचा परिणाम. ही कोंडी मूत्रपिंडं फोडतात. ती रक्तातलं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्ताचा तोल परत येतो आणि श्वासावरचा लगाम सैल होतो. पण मूत्रपिंडांचं काम सावकाश चालतं. उंचीची एकेक पायरी पचवायला त्यांना एक-दोन दिवस लागतात आणि घाई केली म्हणून ते लवकर उरकत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात ही गोष्ट खरी, पण त्याला काही आठवडे लागतात. दोन आठवड्यांच्या ट्रेकमध्ये माणूस सरावतो तो मुख्यतः श्वास आणि मूत्रपिंडं यांच्या जोरावर.

यावर आधारलेला व्यवहारातला नियम दोन भागांचा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. यातला ५०० चा आकडा कुठल्या प्रयोगशाळेत मोजून काढलेला नाही, तो जाणकारांच्या अनुभवाचा आणि सहमतीचा आहे. पण नियमाचा पहिला भाग सगळ्यांच्या तोंडी असतो आणि दुसरा सहज गळतो, म्हणून वरच्या वेळापत्रकावर तो लावून बघण्यासारखा आहे. नामचेच्या पहिल्या रात्रीपासून गोरकशेपच्या रात्रीपर्यंत १,७२४ मीटरची चढण आहे. दोन्ही थांबे धरले तर ती सहा रात्रींत वाटली जाते आणि सरासरी २८७ मीटर पडते. दोन्ही थांबे काढून टाकले तर चार रात्री उरतात आणि सरासरी ४३१ मीटर होते, म्हणजे ५०० च्या आतच. नुसती सरासरी पाहणाऱ्याला दोन्ही वेळापत्रकं सुरक्षित वाटतील. पण खुंबूची दरी सरासरीने चढत नाही, तिथली गावं जिथे आहेत तिथेच झोपावं लागतं. फाकडिंगहून नामचे म्हणजे एका दिवसात ८३० मीटर. तेंगबोचेहून डिंगबोचे ५५०, डिंगबोचेहून लोबुचे ५३०. नामचे आणि डिंगबोचे इथले थांबे याच मोठ्या उड्यांच्या मागे येतात, तो योगायोग नव्हे. तिथे थांबून आदल्या दिवशीचं कर्ज फेडलं जातं. नामचेला दोन रात्री धरल्या की ८३० ची उडी ४१५ वर येते. म्हणून विश्रांतीचा दिवस हाताशी असलेली शिल्लक आहे असं समजणं चूक आहे. तो दिवस येण्याआधीच खर्च झालेला असतो.

विश्रांती म्हणजे दिवसभर अंथरुणात पडून राहणं असंही नाही. नामचेला राहिलेल्या दिवशी स्यांगबोचेच्या वर ३,८८० मीटरपर्यंत चढून दुपारी परत यायचं, डिंगबोचेला नांगकारत्सांगच्या टेकडीवर जमेल तितकं वर जाऊन खाली यायचं. वर गेल्याने शरीराला इशारा मिळतो, खाली झोपल्याने त्याला काम करायला सवड मिळते. मात्र ज्याचं सकाळी डोकं दुखतंय त्याने हा फेरा टाळावा.

हे सगळं कागदावरचं गणित आहे की प्रत्यक्षात फरक पडतो, याचा सर्वांत थेट पुरावा याच वाटेवरचा आहे. १९७५ च्या हंगामात पीटर हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरिचे इथे वर निघालेल्या २७८ ट्रेकर्सची पाहणी केली आणि १९७६ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. त्यांच्यापैकी ५३ टक्के लोकांना उंचीचा त्रास झालेला होता. त्रास कोणाला जास्त झाला, हे अधिक मोलाचं. जे विमानाने लुकलाला उतरले, ज्यांनी वेगाने चढाई केली आणि ज्यांनी वाटेत सरावण्यासाठी कमी रात्री काढल्या, त्यांना जास्त. पाठीवर किती ओझं होतं आणि आधी उंचीवर जाऊन आलेलं होतं की नाही, याचा त्रासाशी संबंध दिसला नाही. तरुणांना त्रास कमी होईल ही अपेक्षाही खोटी ठरली, त्यांच्यात तो जास्तच निघाला. पन्नास वर्षांत वाट सुधारली, लॉजमध्ये वीज आली, पण मूत्रपिंडांचा वेग तोच आहे.

यावरचा पहिला आक्षेप नेहमी तंदुरुस्तीचा असतो. दर रविवारी सह्याद्रीत जाणारा, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढणारा माणूस म्हणतो की मला थांबायची काय गरज? सह्याद्री पाय तयार करतो, दम तयार करतो, आणि त्याचा उपयोग खुंबूत नक्की होतो. पण महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, म्हणजे काठमांडूपेक्षा जेमतेम अडीचशे मीटर उंच. उंचीची सवय होईल अशी जागाच आपल्याकडे नाही. उलट धडधाकट माणूस वेगाने पुढे जातो आणि शरीराने तक्रार करण्याआधी पुढचा मुक्काम गाठतो. भारतीय सैन्याने याची जबर किंमत मोजली आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान घाईघाईने हिमालयात चढवले गेले आणि शत्रूच्या गोळीखेरीज उंचीनेही माणसं आजारी पाडली. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. या विषयावरच्या पायाभूत कामांत तो आजही मोडतो. ती माणसं तरुण होती, कसलेली होती. आज सैन्यात उंचीवर सरावण्याचे टप्पे ठरलेले आहेत: २,७०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यात सहा दिवस, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे, मग ४,५०० पर्यंत चार दिवस आणि त्यावर आणखी चार. ज्यांच्याकडे रजेचं बंधन नाही आणि तंदुरुस्ती हाच ज्यांचा पेशा आहे, त्यांनी इतके दिवस द्यायचे ठरवलं, याला वजन आहे.

दुसरा आक्षेप गोळीचा. डायमॉक्स घेतली की एक दिवस वाचवता येईल, असं सर्रास बोललं जातं. ॲसिटाझोलामाइड हे तिच्यातलं औषध मूत्रपिंडांकडून बायकार्बोनेट लवकर बाहेर काढतं, म्हणजे सरावण्याच्याच क्रियेला ढकलतं. त्रास झाकून ठेवणारं ते औषध नाही, आणि म्हणून ते चांगलंच आहे. डॉक्टरांशी बोलून, सल्फाची ॲलर्जी नाही याची खात्री करून, चढाईच्या आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ही त्याची नेहमीची मात्रा आहे. पण त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. जो बचाव शिस्तीच्या वेळापत्रकाला जोड म्हणून घ्यायचा, तोच वेळापत्रक मोडण्यासाठी वापरला की हाती काही उरत नाही. वेदनाशामक गोळ्यांचं तर वेगळंच: डोकेदुखी गोळीने थांबली म्हणून चढत राहणं म्हणजे इशारा देणारी घंटाच काढून टाकणं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक असतो: मला काहीच होत नाही, मग का थांबू? याचं उत्तर वेळेत आहे. नव्या उंचीवर पोचल्यावर डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं हा त्रास सहा ते बारा तासांनी दिसू लागतो. फुफ्फुसांत पाणी भरण्याचा गंभीर प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत येतो. म्हणजे डिंगबोचेला दुपारी तीन वाजता ठणठणीत असलेल्या माणसाकडे काहीही पुरावा नसतो. तो फक्त तेंगबोचे पचल्याचा निकाल सांगत असतो. डिंगबोचेचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. त्या सकाळी लॉजच्या जेवणघरात, शेणाच्या गोवऱ्यांच्या शेगडीभोवती सगळे चहाला जमले की प्रमुखाने प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात: डोकं दुखतंय का, काल रात्री आणि आज सकाळी जेवण-खाण गेलं का, बसल्या जागी धाप लागते का. मग जमिनीवरच्या फळीची एक सरळ रेघ धरून एकेकाला टाचेला अंगठा लावत दहा-बारा पावलं चालवावं. ज्याचा पाय रेघेबाहेर पडतो, जो तोल सावरायला हात पसरतो, त्याच्या मेंदूवर सूज येत असू शकते. त्याने थांबायचं नाही, कोणाच्या तरी सोबतीने तिथूनच खाली उतरायचं. बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तरी तेच. नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही, त्याच उंचीवर राहून ती जाण्याची वाट पाहायची, आणि वाढली तर उतरायचं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आजकाल सगळ्यांच्या पिशवीत असतं. पण थंड बोटांवर ते चुकीचं दाखवतं, आणि लोबुचेला ८० चा आकडा दिसला तरी तो माणूस ठीक असू शकतो. यंत्रापेक्षा ती फळी जास्त खरं बोलते. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजाराबद्दल बोलतात. थांब्यासाठी कोणी डिंगबोचेऐवजी फेरिचे निवडलं तर त्याचं हे एक चांगलं कारण ठरतं.

आता आभाळाकडे वळू. लुकलाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे. ती एका टोकाकडून दुसऱ्याकडे जवळजवळ १२ टक्के चढते, वरच्या टोकाला डोंगर आणि खालच्या टोकाला दरी. उतरायचं चढावर, उडायचं उतारावर, आणि एकदा उतरायला सुरुवात केली की परत वर उचलून फेरी मारायला जागा नाही. वैमानिकाला डोळ्यांनी दरी आणि धावपट्टी दिसावी लागते. म्हणून विमानं उजाडताच सुरू होतात आणि दिवस वर आला की वारा व ढग त्यांना थांबवतात. मंथलीला ऊन असतं आणि लुकलावर ढग, किंवा लुकला मोकळं आणि मधल्या खिंडीत धुकं. एक सकाळ गेली की त्या दिवसाचे प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या प्रवाशांच्या रांगेत मिसळतात, म्हणून दोन दिवस ढग राहिले तर अडकलेल्यांची गर्दी निपटायला त्याहून जास्त दिवस लागतात. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे उत्तम मानल्या जाणाऱ्या हंगामात, ढगांमुळे विमानं कित्येक दिवस बंद राहिली आणि दोन हजारांहून जास्त लोक लुकलात अडकून पडले. हेलिकॉप्टरला विमानापेक्षा थोडी जास्त सवलत असते, पण दाट धुक्यात तेही उडत नाही.

लुकलापलीकडचं आभाळ वेगळं. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये हवा साधारण स्वच्छ असते, पण बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही हाच मोसम आहे. २०१४ साली 'हुदहुद' १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं आणि १४ तारखेला त्याच्या अवशेषांनी अन्नपूर्णा भागात अवकाळी हिमवादळ आणलं. ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीवर आणि आसपास चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांत ट्रेकर होते, वाटाडे होते, भारवाहक होते. वादळ किनाऱ्यावर येणार हे आधीच माहीत होतं, ती बातमी वाटेवरच्या अनेकांपर्यंत पोचली नाही. आपल्याला ती मिळू शकते, कारण उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याची सूचना भारतीय हवामान खातं काही दिवस आधीच देतं. डिंगबोचेला किंवा नामचेला जिथे फोन लागतो तिथे रोज संध्याकाळी ती पाहावी. वादळ आंध्र किंवा ओडिशाकडे सरकत असेल तर लोबुचेच्या पुढचे दोन-तीन दिवस धोक्याचे धरावेत आणि खालीच थांबावं. ते थांबता यावं म्हणून वेळापत्रकात वरच्या भागासाठीही एक दिवस हवा.

इथे चांगला आक्षेप येतो. हवामानामुळे थांबलो तरी थांबलोच ना? मग अंगाचा आणि आभाळाचा दिवस वेगळा का मोजायचा? कधी कधी हे खरं आहे आणि त्याचा फायदा घ्यावा. पण ही अदलाबदल एकाच दिशेने चालते, आणि कोणत्या उंचीवर झोपलात यावर अवलंबून असते. बर्फामुळे तेंगबोचेला एक रात्र जास्त गेली तर ती रात्र अंगाच्या खात्यातही जमा होते. पुढे डिंगबोचेची उडी थोडी सुसह्य होईल. डिंगबोचेला बर्फाने तिसरी रात्र काढावी लागली तर लोबुचेसाठी तीही कामाची. पण मंथली समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० मीटरवर आहे, तिथे ढगांमुळे दोन दिवस गेले तर शरीराच्या हाती काहीही येत नाही. परतीच्या लुकलातल्या दिवसांनाही तोच न्याय, कारण तेव्हा सरावण्याची गरजच संपलेली असते. आणि गोरकशेपला अडकलात तर उलटंच होतं. ५,००० मीटरच्या वर झोप, भूक दोन्ही मोडतात, शरीर सावरण्याऐवजी झिजतं, म्हणून बर्फ पडतोय म्हणून गोरकशेपला वाट पाहत बसू नये. वाट दिसत असेल आणि घसरणीची भीती नसेल तोवर खाली यावं. थोडक्यात, जाताना ३,००० ते ४,५०० मीटरच्या पट्ट्यात अडकलेला दिवस अंगाचाही होतो, त्याच्या खालचा होत नाही आणि त्याच्या बराच वरचा तोट्यात जातो. उलट दिशेला, म्हणजे अंगाचा दिवस काढून आभाळाची तूट भरणं, हे तर कुठेच चालत नाही.

आता सुरुवातीचं १६ दिवसांचं वेळापत्रक घ्या आणि त्यात नेहमीचा अपघात घडवून पाहा. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मंथलीत ढग, आणि विमान मिळतं पाचव्या दिवशी. दोन दिवस गेले, मोकळा दिवस एकच आहे. काही न बदलता चालत राहिलं तर लुकलाहून परतीचं विमान सोळाव्या दिवशी येतं, आणि त्याच दिवशी मुंबईचं तिकीट आहे. अशा वेळी गटात हमखास निघणारा तोडगा म्हणजे नामचे आणि डिंगबोचेचे थांबे गाळणं. मग सहाव्या दिवशी नामचे, सातव्याला तेंगबोचे, आठव्याला डिंगबोचे, नवव्याला लोबुचे, दहाव्याला गोरकशेप. बेस कॅम्प ठरल्या तारखेलाच होतो. आणि याच वेळापत्रकात ८३०, ४२०, ५५० आणि ५३० मीटरच्या चार उड्या सलग चार रात्रींत बसतात, मध्ये एकही थांबा नाही. लोबुचेच्या रात्री शरीराने अजून नामचेचंही कर्ज फेडलेलं नसतं. शिवाय आजारी माणसाला खाली नेताना दिवस जातात ते वेगळेच. म्हणजे वाचवलेले दोन दिवस बहुतेक वेळा परतही द्यावे लागतात.

याउलट ठिकाण सोडलं तर सगळं जुळतं. पाचव्या दिवशी फाकडिंग, सहाव्याला नामचे, सातवा दिवस तिथेच, आठव्याला तेंगबोचे, नवव्याला डिंगबोचे, दहावा तिथेच. अकराव्या दिवशी ल्होत्सेच्या दक्षिण भिंतीखाली ४,७३० मीटरवरच्या चुखुंगला जाऊन संध्याकाळी डिंगबोचेला परत. बाराव्याला नामचे, तेराव्याला लुकला, चौदाव्याला विमान, पंधरावा मोकळा आणि सोळाव्याला घर. दोन्ही थांबे शाबूत, परतीचा राखीव दिवस शाबूत. गेला तो बेस कॅम्प. हे कडू वाटणार हे मान्य आहे, पण ते लुकलाच्या अलीकडे, सगळे धडधाकट असताना आणि आकडे समोर असताना ठरवलं तर सहज होतं. लोबुचेला थंडीत ठरवायचं म्हटलं तर होत नाही. म्हणून मी प्रत्येक गटाला सुचवेन की निघण्याआधीच हे लिहून ठेवावं: लुकलाकडे जाताना एक दिवस गेला तर मोकळा दिवस वापरू, दोन गेले तर चुखुंग, तीन किंवा जास्त गेले तर नामचे-तेंगबोचेपर्यंत जाऊन परत.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे दिवसच वाढवणं. किती वाढवायचे, याचं उत्तर आभाळाच्या तीन जागांवरून काढता येतं: जाताना लुकलाच्या विमानासाठी एक, नामचेच्या वर बर्फासाठी एक आणि परतीच्या विमानासाठी किमान एक. वरच्या वेळापत्रकात परतीचा एकच आहे, म्हणून १६ चे १८ व्हावेत. दोन दिवस वाढले तर ते शेवटी एकत्र टाकू नयेत. वरचा दिवस वापरायची वेळ आली नाही तर तो लोबुचेच्या उडीत घालावा: डिंगबोचेहून एका दिवसात ५३० मीटर चढण्याऐवजी मध्ये ४,६२० मीटरवरच्या थुकलाला एक रात्र. तिथे लॉज थोडी आणि साधी आहेत, पण ज्याला डिंगबोचेला किंचित डोकेदुखी होती आणि आता ती गेली आहे, त्याला हा मुक्काम फार उपयोगाचा.

ज्यांना तीन-चार दिवस आणखी देता येतात, त्यांनी विमान सोडून द्यावं. काठमांडूहून जीपने सल्लेरीला एक लांबलचक दिवस, आणि तिथून साधारण तीन दिवस चालत लुकलाखालच्या वाटेला येऊन मिळता येतं. ही वाट ३,००० मीटरच्या आसपासच्या खिंडी चढते-उतरते, म्हणून तिने उंचीची सगळी सवय होते असं नाही. पण वेग आपोआप कमी राहतो, पाय रुळतात, आणि हॅकेट यांच्या पाहणीत लुकलापर्यंत चालत आलेल्यांना कमी त्रास झाला होता हे इथे आठवावं. मुख्य फायदा असा की आभाळाने अडवलं तरी माणूस विमानतळाच्या बाकावर बसून राहत नाही. ढगांतही वाट चालते, आणि जाणारा प्रत्येक दिवस थोडाफार अंगाच्या कामी येतो.

खर्चाचा मुद्दा शेवटी उरतो. दोन दिवसांचं जास्तीचं भाडं, जेवण, वाटाड्याची आणि पोर्टरची मजुरी हे सगळं आधी मोजता येतं. तेवढ्यासाठी गट नाराज होतो, कारण अडकून पडण्याचा खर्च कोणी आधी मोजत नाही: बदललेलं मुंबईचं तिकीट, लुकलातल्या जास्तीच्या रात्री, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे आजारी माणसाला हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा. त्यामुळे विमा घेताना तो किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे हे वाचून घ्यावं, कारण पुष्कळ पॉलिसी ४,००० किंवा ५,००० मीटरला थांबतात आणि हा ट्रेक ५,५०० च्या वर जातो. काठमांडूहून मुंबईचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढावं. ते थोडं महाग पडतं. पण लोबुचेच्या थंडीत, टाचेला अंगठा लावताना ज्याचा पाय रेघेबाहेर पडला त्या मित्राला घेऊन लगेच खाली उतरताना, रविवारच्या विमानाचा विचार कोणाच्या डोक्यात असू नये.